हिबा म्हणजे नेमकं काय? तोंडी दिलेलं घर कोर्टात टिकतं का, आणि मृत्युपत्राने मुसलमान व्यक्तीला किती देता येतं?

२०२५ च्या उन्हाळ्यात छत्रपती संभाजीनगरमध्ये एक बातमी चांगलीच गाजली. जालना रोडवरची सुमारे तीन एकर जागा, बातम्यांमधला तिचा अंदाजे भाव दीडशे कोटी, आणि ती मिळाली कुणाला, तर एका लोकप्रतिनिधीच्या गाडीच्या चालकाला. विकत नाही, फुकट. कागदाचं नाव होतं 'हिबानामा'. तक्रार झाली, पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने चौकशी सुरू केली. त्या प्रकरणात खरं काय नि खोटं काय, ते तपास ठरवेल. पण त्या आठवड्यात हिबा हा शब्द पहिल्यांदाच अनेकांच्या कानावर पडला, आणि व्हॉट्सॲपवर नेहमीप्रमाणे कायदेतज्ज्ञ उगवले.

कुणी म्हणालं, हिबा फक्त रक्ताच्या नात्यात चालतो. कुणी म्हणालं, मुसलमानांना नोंदणी लागतच नाही, तोंडी बोललं की झालं. कुणी म्हणालं, मुसलमान माणसाला आपल्या संपत्तीचा तिसरा हिस्साच देता येतो, मग एवढी जागा दिलीच कशी?

यातलं पहिलं चूक आहे. दुसरं अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरंच जास्त महाग पडतं. तिसरं खरं आहे, पण ते हिब्याबद्दल नाही, मृत्युपत्राबद्दल आहे. ही गल्लत करून घरं, दुकानं आणि बहीणभावांची नाती गेलेली आहेत. म्हणून विषय नीट समजून घेऊ.

आधी कायदा कुठे आहे ते बघू

भारतात बक्षीस देण्याचा सर्वसाधारण कायदा १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आहे. त्याचं कलम १२३ सांगतं की घर, जमीन अशी स्थावर मिळकत बक्षीस द्यायची असेल तर दस्त लेखी हवा, त्यावर दोन साक्षीदार हवेत आणि त्याची नोंदणी हवी. हिंदू, ख्रिस्ती, पारशी, सगळ्यांना हे लागू आहे.

पण त्याच प्रकरणाच्या शेवटी कलम १२९ आहे. ते म्हणतं की या प्रकरणातल्या कशानेही मुस्लिम कायद्यातल्या बक्षिसाच्या नियमांना बाधा येणार नाही. म्हणजे मुसलमान व्यक्तीने आपल्या धार्मिक व्यक्तिगत कायद्याप्रमाणे बक्षीस दिलं, तर त्याला कलम १२३ ची नोंदणीची अट लागत नाही. या बक्षिसालाच हिबा म्हणतात. 'तोंडी चालतं' हे जे आपण ऐकतो, त्याचं मूळ इथे आहे.

आणि हिबा कुणालाही देता येतो. मुलाला, पुतण्याला, शेजाऱ्याला, चालकाला, अगदी गैरमुस्लिम मित्रालाही. रक्ताचं नातं ही अट नाहीच. देणारा मुसलमान, सज्ञान आणि शुद्धीवर असला पाहिजे, आणि मिळकत त्याची स्वतःची असली पाहिजे. नातं नसेल तर कोर्ट जास्त बारकाईने बघतं, इतकंच. कोणताही माणूस परक्याला कोटींची जागा फुकट का देईल, हा प्रश्न कुणालाही पडतो, तसा न्यायाधीशालाही पडतो.

तीन अटी, आणि तिसरीवर सगळं अडतं

हिबा पूर्ण व्हायला तीन गोष्टी लागतात.

पहिली, देणाऱ्याने स्पष्ट सांगायचं की 'मी हे तुला दिलं'. दुसरी, घेणाऱ्याने ते स्वीकारायचं. तिसरी, देणाऱ्याने कब्जा सोडायचा आणि घेणाऱ्याने तो घ्यायचा.

पहिल्या दोन गोष्टी दोन मिनिटांत होतात. चार नातेवाईक बसलेले असतात, चहा येतो, अब्बा बोलतात, मुलगी मान डोलावते, झालं. तिसरी गोष्ट मात्र तोंडाने होत नाही. ती करून दाखवावी लागते.

हे असं का, याचं कारण सोपं आहे. हिबा म्हणजे आज दिलेलं. 'मी गेल्यावर तुझं' हा हिबा नव्हे, ते मृत्युपत्र झालं, आणि मृत्युपत्राला वेगळे नियम आहेत. ते पुढे बघू. मग एखाद्याने आज दिलं की उद्यासाठी ठेवलं, हे ओळखायचं कसं? शब्दांवरून ओळखता येत नाही. माणूस 'दिलं' म्हणतो आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवतो, भाडं स्वतः घेत राहतो, घरपट्टी स्वतःच्या नावाने भरत राहतो. त्याने दिलेलं नसतं. कब्जा ही त्या देण्याची परीक्षा आहे.

मग कागदाचं काय?

इथे सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निकाल महत्त्वाचा आहे, हाफिजा बीबी विरुद्ध शेख फरीद. आंध्रातल्या एका वडिलांनी १९६८ मध्ये आपल्या एका मुलाला हिबा लिहून दिला. दस्त साधा होता, नोंदणी नव्हती. त्याच वर्षी वडील वारले. बाकीच्या वारसांनी वाटणी मागितली. त्यांचं म्हणणं होतं, एकदा कागद केला म्हणजे तो बक्षीसपत्र झाला, आणि नोंदणी नसलेलं बक्षीसपत्र कोर्टात चालत नाही.

न्यायालयाने ते मान्य केलं नाही. जे बक्षीस तोंडी देता येतं, ते केवळ लिहून ठेवलं म्हणून त्याचा स्वभाव बदलत नाही, असा त्याचा आशय. बघायचं ते एवढंच की तिन्ही अटी पुऱ्या झाल्या का. रूप महत्त्वाचं नाही.

हा निकाल व्हॉट्सॲपवर फिरतो तो अर्धाच. 'नोंदणी लागत नाही' इथे लोक थांबतात. पण न्यायालयाने जी गोष्ट सोडली नाही, ती कब्जा आहे. नोंदणी नसली तर हिबा मरत नाही. कब्जा नसला तर नोंदणी असूनही हिबा वाचत नाही. मुद्रांक लावलेला, फोटो-अंगठ्यासह नोंदवलेला दस्त असला आणि देणारा शेवटपर्यंत मालकासारखा वागला असला, तर तो कागद कोर्टात उघडा पडू शकतो.

दहा एकर, पंचवीस वर्षं आणि सातबारा

दुसरी बाजू दाखवणारं प्रकरण आपल्या सोलापूरच्या शेजारचं, कलबुर्गीचं आहे. सर्वोच्च न्यायालयाने त्याचा निकाल ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला.

मुलीचा दावा असा होता की आईने १९८८ मध्ये तिला दहा एकर जमीन तोंडी हिब्याने दिली, आणि पुढच्याच महिन्यात त्याची लेखी आठवण करून ठेवली. पण जमिनीच्या सरकारी कागदावर मुलीचं नाव कधी लागलं नाही. आईनंतर वडिलांचं नाव लागलं. १९९५ मध्ये जमिनीची विक्री झाली. मुलगी कोर्टात आली २०१३ मध्ये.

न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं की तोंडी हिबा चालतो हे खरं, पण तो ऐन वेळी खिशातून काढायचा हुकमी पत्ता नाही. हिबा खरा असेल तर त्याच्या खुणा मागे राहतात. घेणारी व्यक्ती फेरफार मागते, शेतसारा भरते, पीक घेते, भाडं वसूल करते, कुणी अतिक्रमण केलं तर ओरडते. इतक्या वर्षांत यातलं काहीच दिसत नसेल, तर कब्जा दिला होता हे कशावरून मानायचं? दावा टिकला नाही.

हे दोन निकाल एकमेकांविरुद्ध नाहीत. पहिला सांगतो, कागद नसला तरी चालेल. दुसरा सांगतो, खुणा नसल्या तर चालणार नाही.

एकाच घरात राहतात, मग कब्जा द्यायचा कसा?

आपल्याकडे सगळ्यात जास्त पडणारा प्रश्न हाच. अब्बा मुलीला घर देतात, पण दोघं त्याच घरात राहतात. अब्बांनी वळकटी उचलून बाहेर पडायचं का?

नाही. कायदा इतका अडाणी नाही. देणारा आणि घेणारा एकाच घरात राहत असतील तर देणाऱ्याने घर सोडायची गरज नाही. पण ताबा बदलला हे दाखवणारी एखादी उघड कृती हवी. घराचे मूळ कागद आणि चाव्या साक्षीदारांसमोर मुलीच्या हाती देणं, मिळकत पत्रिकेवर किंवा सोसायटीत नाव बदलायचा अर्ज करणं, घरपट्टी आणि वीजबिल तिच्या नावावर करणं. अब्बा नंतर तिथेच राहिले तरी ते आता मुलीच्या घरात राहत आहेत, हे सगळ्यांना कळलं पाहिजे.

नवरा बायकोला घर देतो तेव्हाही हेच. दोघं एकत्र राहतात, नवरा घरखर्च बघतो, भाडेकरूंकडून भाडं तोच आणतो. एवढ्यावरून हिबा खोटा ठरत नाही, कारण नवरा बायकोच्या वतीने ते करतो असं कायदा धरतो. वडिलांनी अज्ञान मुलाला दिलं तर कब्जा बदलायचाच नसतो, कारण मुलाच्या वतीने कब्जा सांभाळणारे पालक तेच असतात. तिथे देण्याचा खरा इरादा सिद्ध झाला की पुरतं. आणि घेणारा आधीपासूनच त्या जागेत राहत असेल, तर देणं आणि घेणं झालं की हिबा पूर्ण होतो.

१९६४ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल या बाबतीत वकील हटकून सांगतात. मलबारमधल्या एका नवऱ्याने आपल्या जेमतेम पंधरा वर्षांच्या बायकोला मिळकत बक्षीस दिली आणि दस्त तिच्या आईच्या हाती दिला. ती आईकडेच राहत होती. काही आठवड्यांत नवरा वारला. त्याच्या नातेवाईकांनी मुद्दा काढला की कायद्याने आई ही मिळकतीची पालक नसते, म्हणून कब्जा दिलाच गेला नाही. न्यायालयाने विचारलं, वडील नाहीत, आजोबा नाहीत, मग त्या मुलीच्या वतीने घ्यायचं कुणी? देणाऱ्याने आपल्या परीने शक्य ते सगळं केलं होतं, म्हणून हिबा वैध धरला.

भाडेकरू असलेल्या जागेत दाराची चावी देता येत नाही. तिथे भाडेकरूला पत्र द्यायचं, 'या महिन्यापासून भाडं माझ्या मुलीला द्या.' पुढचं भाडं तिच्या खात्यात गेलं की कब्जा गेला. पत्र दिलं आणि भाडं मात्र अब्बांकडेच येत राहिलं, तर ते पत्र वारसांच्या वकिलाच्या हातातलं कोलीत ठरतं.

आणखी एक अडचण वाटणी न झालेल्या हिश्शाची. हनफी मतानुसार, आणि भारतातले बहुसंख्य सुन्नी हनफी आहेत, ज्या मिळकतीची वाटणी करणं शक्य आहे तिचा न वाटलेला हिस्सा दिला तर हिबा अनियमित ठरतो. याला 'मुशा'चा नियम म्हणतात. अनियमित म्हणजे मेलेला नव्हे. नंतर वाटणी करून तो तुकडा हाती दिला की दोष निघून जातो. सहवारसाला दिलेला हिस्सा किंवा कंपनीचे शेअर अशा ठिकाणी हा नियम आड येत नाही. तरीही भावांच्या सामाईक वाड्यातला हिस्सा मुलीला द्यायचा असेल तर आधी वाटणी करून घेणं शहाणपणाचं.

मृत्युपत्राला मात्र दोन कुलपं

आता तिसऱ्या हिश्शाकडे येऊ.

जिवंतपणी, धडधाकट असताना, मुसलमान माणूस आपली सगळी मिळकत हिब्याने देऊ शकतो. त्याला मर्यादा नाही. पण मृत्युपत्र, म्हणजे वसीयत, केली तर दोन मर्यादा येतात.

एक, किती द्यायचं याची. दफनविधीचा खर्च आणि कर्जं भागवून जे उरतं, त्याच्या एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्राने देता येतं. त्याहून जास्त दिलं तर वारसांची संमती लागते.

दुसरी, कुणाला द्यायचं याची. सुन्नी कायद्यात मृत्युपत्राने वारसालाच काही देता येत नाही, एक तृतीयांशाच्या आत असलं तरी. त्यालाही बाकीच्या वारसांची संमती लागते. ही संमती देणारा गेल्यानंतर दिलेली असावी लागते. अब्बा हयात असताना मुलांनी सही केली, तिला हनफी कायद्यात किंमत नाही. तेव्हा ते वारस झालेलेच नसतात, मग सोडणार काय? शिया कायदा इथे वेगळा आहे. त्यात एक तृतीयांशापर्यंत वारसालाही संमतीशिवाय देता येतं, आणि हयातीत दिलेली संमतीही चालते.

यामागची कल्पना परंपरेतून आली आहे. साद बिन अबी वक्कास आजारी असताना त्यांनी पैगंबरांना विचारलं की माझी संपत्ती मी दान करून टाकू का. उत्तर मिळालं की तिसरा हिस्सा दे, आणि तिसराही पुष्कळ झाला, कारण वारसांना लोकांपुढे हात पसरायला लावण्यापेक्षा त्यांना सुस्थितीत ठेवून जाणं बरं. वारसांचे हिस्से कुराणाने ठरवून दिले आहेत. मृत्युपत्राने ते वर-खाली करायला लागलो तर ठरवण्याला अर्थच उरणार नाही.

आता एक हिशोब करून बघू

समजा, मिरजेतले एक अब्बा आहेत. सुन्नी, हनफी. घरात अम्मी, दोन मुलगे आणि एक मुलगी. मुलगे पुण्यात स्थिरावलेले. मुलीचा तलाक झालाय, ती माहेरी राहते आणि दोघांचं आजारपण तीच काढते. अब्बांची मिळकत अशी: राहतं घर ३५ लाखांचं, दुकान ६० लाखांचं, बँकेत ३० लाख. एकूण १२५ लाख. अब्बांना वाटतं, घर मुलीला मिळावं.

अब्बांनी काहीच केलं नाही आणि ते गेले, तर? कर्ज आणि दफनविधी मिळून ५ लाख वजा केले की उरतात १२० लाख. मुलं असल्यामुळे अम्मीला आठवा हिस्सा, म्हणजे १५ लाख. उरलेले १०५ लाख मुलांमध्ये, मुलाला दोन भाग तर मुलीला एक. मुलग्यांना ४२-४२ लाख, मुलीला २१ लाख. आणि घर? ते सगळ्यांचं. भावांनी विकायचं म्हटलं तर बहिणीला बाहेर पडावं लागेल.

अब्बांनी मृत्युपत्र केलं की घर मुलीला, तर? घर ३५ लाखांचं, १२० चा तिसरा हिस्सा ४० लाख. म्हणजे पहिलं कुलूप उघडलं. पण मुलगी वारस आहे, म्हणून दुसरं कुलूप बंदच. अम्मी आणि दोन्ही भाऊ अब्बांच्या नंतर हो म्हणाले तरच घर पूर्ण तिचं. समजा अम्मी आणि मोठा भाऊ हो म्हणाले, धाकटा नाही. मग जे हो म्हणाले त्यांचे हिस्से तिला जातात, धाकट्याचा राहतो. घराचे चाळीस भाग केले तर त्यातले ५ अम्मीचे, १४ मोठ्या भावाचे आणि ७ तिचे स्वतःचे, असे २६ तिच्याकडे येतात. १४ धाकट्याकडे राहतात. ३५ लाखांच्या घरात त्याचे सव्वाबारा लाख अडकले. तिला ते द्यावे लागतील किंवा घर विकावं लागेल.

हेच घर अब्बांनी पुतण्याला मृत्युपत्राने दिलं असतं तर? मुलगे असताना पुतण्या वारस नाही, आणि ३५ लाख मर्यादेच्या आत आहेत. कुणाच्याही संमतीशिवाय ते पुतण्याला मिळालं असतं. पुतण्याला देता येतं आणि सेवा करणाऱ्या मुलीला नाही, हे ऐकून खूप जण चमकतात. पण सुन्नी कायद्यात हे असंच आहे.

आणि अब्बांनी आज, तब्येत चांगली असताना, मुलीला हिबा केला तर? तिने स्वीकारलं, कब्जाच्या खुणा केल्या, घर तिचं झालं. कुणाची संमती लागत नाही, तिसऱ्या हिश्शाची मर्यादा नाही. अब्बांच्या पश्चात वाटणी होईल ती उरलेल्या ९० लाखांची, त्यातून ५ लाख वजा जाता ८५ लाखांची. आणि त्या ८५ लाखांत मुलीचा वाटा पुन्हा आहेच. हिबा घेतला म्हणून वारसाहक्क जात नाही. हे भावांना पटेलच असं नाही. मुलांमध्ये देताना समानता ठेवा अशी धार्मिक शिकवणही आहे. पण कायदा हिबा अडवत नाही.

शेवटच्या आजारात केलेला हिबा

लोक इथेच उशीर करतात. अब्बा दवाखान्यात दाखल होतात, डॉक्टर मान हलवतात, आणि मग कुणीतरी म्हणतं, 'लवकर हिबानामा करून घ्या.'

ज्या आजारात माणसाला आपण यातून उठत नाही अशी भीती वाटते आणि त्याच आजारात तो खरंच जातो, त्याला 'मर्ज-उल-मौत' म्हणतात. त्या काळात केलेला हिबा मृत्युपत्राच्या मर्यादेत जाऊन बसतो. म्हणजे एक तृतीयांशापर्यंतच, आणि वारसाला दिला असेल तर बाकीच्या वारसांची संमती. शिवाय हिब्याच्या तिन्ही अटीही लागतातच. मुलीच्या दृष्टीने पुन्हा तेच दुसरं कुलूप.

जुना मधुमेह किंवा वर्षानुवर्षांचा दमा म्हणजे मर्ज-उल-मौत नव्हे. ज्या आजाराची माणसाला सवय झाली आहे आणि मृत्यू समोर दिसत नाही, तो यात मोडत नाही. पण हिब्याची तारीख आणि मृत्यूची तारीख जितकी जवळ, तितका वाद मोठा. तेव्हा दवाखान्याचे कागद कोर्टात येतात.

दिलेलं परत घेता येतं का?

कब्जा देईपर्यंत देणारा कधीही मन बदलू शकतो, कारण तोवर हिबा पूर्णच झालेला नसतो. कब्जा दिल्यावर मात्र 'मी रद्द करतो' म्हणून चालत नाही, त्याला कोर्टाचा हुकूम लागतो. आणि नवरा-बायकोत, किंवा ज्यांचं आपसात लग्न होऊ शकत नाही अशा जवळच्या नात्यात, म्हणजे बाप-लेक, बहीण-भाऊ, हनफी कायद्यानुसार तो हुकूमही मिळत नाही. घेणारा वारला, त्याने मिळकत विकली, किंवा बदल्यात काही दिलं, तरीही दार बंद होतं.

म्हणून अब्बांनीही विचार करायला हवा. 'मी जिवंत आहे तोवर विकायचं नाही' अशी अट हिबानाम्यात घातली, तर हिबा टिकतो आणि अट गळून पडते. मिळकत देऊन टाकायची आणि मालकी पकडून ठेवायची, हे दोन्ही एकत्र होत नाही. सांभाळ करण्याच्या अटीवर घर दिलं आणि पुढे मुलाने बघितलं नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. पण त्यासाठी ती अट दस्तात स्पष्ट लिहिलेली असणं उत्तम.

मग नेमकं करायचं काय?

कायद्याने नोंदणी लागत नसली तरी नोंदणी करा. महाराष्ट्रात राहतं घर मुलगा, मुलगी, नवरा, बायको किंवा नातवंडाला बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, स्थानिक संस्थेचा अधिभार वेगळा. उद्याच्या खटल्याच्या पहिल्या तारखेलाही वकील याहून जास्त घेईल. दस्तात नुसतं 'दिलं' लिहू नका. मुलीने स्वीकारलं, आणि कोणत्या दिवशी कोणत्या साक्षीदारांसमोर चाव्या आणि मूळ कागद देऊन कब्जा दिला, हेही लिहा.

त्यानंतर नाव लावा. शहरात मिळकत पत्रिका आणि महापालिकेची घरपट्टी, फ्लॅट असेल तर सोसायटीचा शेअर दाखला, वीजबिल. पावत्या मुलीच्या नावाने आणि तिच्या खात्यातून भरा. कोर्टात वीस वर्षांनी साक्षीदार नसतील, पावत्या असतील.

ज्यांचं लग्न विशेष विवाह कायद्याखाली झालं आहे त्यांना वारसा आणि मृत्युपत्रासाठी भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो, तिथे तिसऱ्या हिश्शाची ही मर्यादा येत नाही. आणि शिया कुटुंबांचे नियम काही ठिकाणी वेगळे आहेत. म्हणून मोठी मिळकत असेल तर वकिलाला आपला पंथ आणि लग्नाची नोंद आधी सांगा, मग कागद करा.

मिरजेच्या त्या घराबद्दल बोलायचं, तर अब्बांच्या हातात एकच गोष्ट आहे, ती म्हणजे वेळ. आज चावी दिली तर घर मुलीचं. दवाखान्यातून दिली तर ते भावांच्या मर्जीवर. आणि दिली असं नुसतं बोलून चावी खिशातच ठेवली, तर चार हिस्से पडणार आहेतच.